स्पॅनिशमधलं ‘आय’: मालक हरवलेलं क्रियापद

मागच्या वेळी आपण स्पॅनिशमधल्या दोन ‘असणं’ धातूंबद्दल, म्हणजे ‘सेर’ आणि ‘एस्तार’बद्दल बोललो होतो. तेव्हा शेवटी कुणीतरी विचारलं होतं की ‘टेबलावर एक पुस्तक आहे’ या वाक्यात यातलं कुठलं येतं? उत्तर असं की दोन्हीपैकी एकही नाही. तिथे येतं ‘आय’. ‘आय ऊन लिब्रो एन ला मेसा’. लिहिताना याच्या आधी एच असतो, पण तो मुका. त्यामुळे ऐकायला थेट आपल्या खेड्यातल्या ‘आय’सारखंच लागतं, म्हणून लक्षात राहायला सोपं. आजचं सगळं व्याख्यान या एका शब्दावर आहे.

पुस्तकं दोन झाली तर? इंग्रजीत ‘देअर इज’चं ‘देअर आर’ होतं. मराठीत ‘आहे’चं ‘आहेत’ होतं. स्पॅनिशमध्ये काहीच होत नाही. ‘आय ऊन लिब्रो’, ‘आय दोस लिब्रोस’. दहा हजार पुस्तकं असली तरी ‘आय’च. बहुतेक पाठ्यपुस्तकं इथे ‘हे पाठ करा’ म्हणून पुढे जातात. पण हा शब्द असा का वागतो याला कारण आहे, आणि ते कारण सुमारे दीड हजार वर्षं जुनं आहे.

आधी एक छोटी चाचणी करू. कुणी विचारलं, ‘आय कार्तास?’, म्हणजे पत्रं आहेत का? तर उत्तर येतं, ‘सी, लास आय’. आता हे ‘लास’ म्हणजे ‘त्या’ नव्हे, ‘त्यांना’. ‘मी पत्रं वाचली, मी ती वाचली’ यात जे सर्वनाम येतं, तेच इथे आलं आहे. म्हणजे स्पॅनिशच्या दृष्टीने पत्रं इथे कर्ता नाहीत, कर्म आहेत. आणि स्पॅनिश क्रियापद फक्त कर्त्याप्रमाणे बदलतं. मग पत्रं एक असोत की शंभर, क्रियापदाला त्याचं काय? आता साहजिक प्रश्न येतो की पत्रं जर कर्म असतील, तर कर्ता कुठे आहे? तर कर्ता नाहीच. तो होता, आणि हरवला. कसा, ते पाहू.

‘आय’ हे ‘आबेर’ या क्रियापदाचं रूप. ‘आबेर’ आलं लॅटिनच्या ‘हाबेरे’पासून, आणि ‘हाबेरे’चा अर्थ होता जवळ बाळगणं, मालकी असणं. इंग्रजीतलं ‘हॅव’ जे काम करतं ते. मराठी माणसाला इथे जरा थांबावं लागतं, कारण आपल्याकडे असं क्रियापदच नाही. आपण म्हणतो ‘मला दोन भाऊ आहेत’, ‘त्याच्याकडे गाडी आहे’, ‘घराला तीन खिडक्या आहेत’. भाऊ, गाडी, खिडक्या हे कर्ते. त्या ‘असतात’, आणि मालक ‘ला’ किंवा ‘कडे’ लावून बाजूला उभा राहतो. म्हणजे मराठीने मालकी दाखवायला अस्तित्वाचं क्रियापद वापरलं. स्पॅनिशने बरोबर उलटा व्यवहार केला: अस्तित्व दाखवायला मालकीचं क्रियापद वापरलं.

गंमत अशी की जुन्या लॅटिनमध्ये आपली पद्धतही होती. ‘मिही एस्त लिबेर’, शब्दशः ‘मला पुस्तक आहे’. आणि शेजारीच ‘हाबेओ लिब्रुम’, म्हणजे मी पुस्तक बाळगतो, हेही होतं. दोन्ही एकाच वेळी चालत होती. पण एखादी वस्तू कुठेतरी ‘आहे’ असं सांगायला शिष्ट लॅटिनमध्ये ‘एस्त’, म्हणजे असणंच, वापरत. ‘हाबेरे’चा तिथे शिरकाव झाला तो उत्तरकाळात, आणि तोही बोलण्यातून.

याचा एक सुंदर साक्षीदार आपल्याकडे आहे. चौथ्या शतकाच्या शेवटी एगेरिया नावाची एक स्त्री जेरुसलेम, सिनाई या पवित्र स्थळांच्या यात्रेला गेली. ती बहुधा स्पेनच्या वायव्य भागातली असावी असं मानतात. घरी राहिलेल्या आपल्या धर्मभगिनींसाठी तिने प्रवासाचं वर्णन लिहिलं. त्याची एकुलती एक हस्तलिखित प्रत, तीही अपुरी, १८८४ साली इटलीतल्या आरेत्सो गावी सापडली. एगेरिया काही सिसेरोसारखं लॅटिन लिहीत नाही, आणि आपल्यासाठी तेच मोलाचं आहे. सिनाईजवळ पोचल्यावर ती सांगते की त्या जागेपासून देवाच्या डोंगरापर्यंत साधारण चार मैल होते. आणि हे ‘होते’ म्हणताना ती ‘एस्त’च्या घरातलं रूप वापरत नाही, ‘हाबेबात’ वापरते. शब्दशः ‘बाळगत होता’. आणि तेही एकवचनात, मैल चार असूनसुद्धा! कोण बाळगत होता? कुणीच नाही. मालक गेलेला आहे, फक्त क्रियापद उरलं आहे.

हे कसं झालं असेल? सर्वसाधारणपणे मांडला जाणारा मार्ग असा. ‘डोंगर झरा बाळगतो’ असं वाक्य घ्या. इथे मालक म्हणजे खरं तर एक जागाच आहे. माणूस बाळगतो म्हणजे त्याची मालकी. डोंगर बाळगतो म्हणजे डोंगरावर झरा आहे, एवढंच. एकदा हा अर्थ बसला की बोलणारा हळूहळू ‘डोंगरावर’ असंच म्हणू लागतो, आणि वाक्य उरतं ‘डोंगरावर झरा बाळगतो’. व्याकरणाने पाहिलं तर हे वाक्य लंगडं आहे, त्याला कर्ता नाही. पण ऐकणाऱ्याचं काहीही अडत नाही, म्हणून ते टिकतं. झरा मात्र जिथे होता तिथेच, कर्माच्या जागेवर राहिला. ‘लास आय’मधलं ‘लास’ हा त्याचाच पुरावा.

आता शब्दाचं रूप. ‘हाबेरे’चं तृतीयपुरुषी एकवचन ‘हाबेत’ झिजत झिजत जुन्या स्पॅनिशमध्ये नुसतं ‘आ’ राहिलं. आणि त्या काळी ‘तिथे’ या अर्थाचा ‘ई’ असा एक छोटा शब्द होता, लॅटिन ‘इबी’पासून आलेला. ‘तिथे आहे’ म्हणायचं तर ‘आ ई’. आपल्या लिपीत हे फार छान दिसतं: आ अधिक ई, आय. कालांतराने तो सुटा ‘ई’ भाषेतून नाहीसा झाला. पंधराव्या शतकाच्या शेवटापर्यंत तो स्वतंत्र शब्द म्हणून जवळजवळ संपला. पण ‘आय’च्या पोटात तो अडकून राहिला, आणि आज ‘आय’ म्हणणाऱ्या कुणालाही आपण ‘तिथे’ म्हणतो आहोत याची जाणीव नसते. फ्रेंच ‘इल या’ आणि कातालान ‘ई आ’ यांत हेच दोन तुकडे अजून सुटे दिसतात. इंग्रजीच्या ‘देअर इज’मध्येही ‘देअर’ म्हणजे मुळात ‘तिथे’च.

हा ‘ई’ फक्त वर्तमानकाळात चिकटला, हे विद्यार्थ्यांना कुणी सांगत नाही. भूतकाळात ‘आबीआ’ किंवा ‘ऊबो’, भविष्यात ‘आब्रा’. यांत ‘तिथे’ कुठेच नाही, नुसतं ‘बाळगत होता’, ‘बाळगेल’. म्हणजे ‘आय’ हे या सगळ्या भावंडांत एकटंच वेगळं दिसतं, आणि पुढे जो गोंधळ होणार आहे त्याचं बीज इथे आहे. ते लक्षात ठेवा.

पण त्याआधी तेनेर. ‘तेनेर’ आलं लॅटिन ‘तेनेरे’पासून: हातात धरणं, पकडून ठेवणं. सुरुवातीला मालकीचं मुख्य काम ‘आबेर’कडेच होतं, तेव्हा ते ‘आवेर’ असं लिहीत. ‘तेनेर’ खरोखर हाती धरलेल्या, ताब्यात असलेल्या वस्तूंसाठी. मग ‘तेनेर’ हातपाय पसरू लागलं. आधी त्याने जमीन, घर, घोडा अशा ठोस वस्तू घेतल्या. भीती, भूक, इच्छा असल्या मनाच्या आणि शरीराच्या गोष्टी ‘आवेर’ने बराच काळ राखून ठेवल्या, पण शेवटी त्याही गेल्या. हे चाललेलं असताना पाहणारा एक माणूस होता, ख्वान दे वाल्देस. त्याने सुमारे १५३५ साली नेपल्समध्ये भाषेवर एक संवाद लिहिला (तो छापला गेला थेट १७३७ साली). त्यात तो म्हणतो की ‘तेंगा’च्या जागी ‘आया’ पूर्वी म्हणत, अजूनही काहीजण म्हणतात, पण आता ते फारच थोड्या ठिकाणी शोभतं. एका पिढीच्या कानाला जुनं वाटू लागलेलं वापरणं आपल्याला इथे पकडता येतं. सतराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत निकाल लागला होता: मालकी म्हणजे ‘तेनेर’.

मग ‘आबेर’कडे काय उरलं? दोनच कामं. एक, ‘मी केलं आहे’ यातलं सहायक क्रियापदाचं. आणि दुसरं, हे कर्ता नसलेलं ‘आय’. या क्रियापदाचे सगळे मालक ‘तेनेर’ने पळवले, आणि बिनमालकाचं वाक्य तेवढं मागे राहिलं. याचं एक उदाहरण मराठी माणसाला चटकन पटतं. ‘तेंगो के इर’ म्हणजे ‘मला जायला हवं’. ‘आय के इर’ म्हणजे नुसतं ‘जायला हवं’. कुणाला ते सांगितलेलं नाही, ज्याला लागू पडेल त्याने उठावं. आपणही ‘मला’ गाळून अगदी हेच करतो. मालक आहे तिथे तेनेर, नाही तिथे आबेर.

आता भांडणाकडे येऊ. कारण या व्याकरणावर गेली पावणेदोनशे वर्षं खरंखुरं भांडण चालू आहे.

‘समारंभ झाले’ याला प्रमाण स्पॅनिश ‘ऊबो फिएस्तास’. ‘फिएस्तास’ अनेकवचन, ‘ऊबो’ एकवचन. पण अमेरिका खंडातल्या असंख्य लोकांच्या तोंडी येतं ‘ऊबिएरोन फिएस्तास’. आणि ‘आबीआ’च्या जागी ‘आबीआन’. विचार करा, बोलणाऱ्याच्या डोक्यात काय चालतं? वाक्यात एकच नाम आहे. दुसरं कुठलंही क्रियापद असतं तर ते या नामाशी जुळलं असतं. मालकी या क्रियापदातून केव्हाच निघून गेली आहे, त्यामुळे पत्रं किंवा समारंभ हे ‘कर्म’ आहेत असं वाटायला कारणच उरलेलं नाही. तेव्हा बोलणारा त्या एकमेव नामाला कर्ता मानतो आणि क्रियापद जुळवून घेतो. माझ्या मते ही चूक फार तर्कशुद्ध आहे. आणि मराठी विद्यार्थी ती पहिल्याच आठवड्यात करतो, कारण त्याच्या कानात ‘होता, होते’ बसलेलं असतं.

या वापराविरुद्ध सगळ्यात ठामपणे उभा राहिला तो आंद्रेस बेयो. जन्म काराकासचा, १७८१ चा. १८२९ पासून चिलीमध्ये स्थायिक. १८४७ साली सांतियागोत त्याने स्पॅनिशचं व्याकरण प्रसिद्ध केलं, आणि शीर्षकातच सांगितलं की ते अमेरिकेतल्या लोकांच्या वापरासाठी आहे. त्याने ‘लास ऊबो’ची चाचणी नेमकी मांडली, नाम इथे कर्म आहे हे दाखवलं, आणि मग लिहिलं की कर्माला कर्ता करण्याची ही खोड चिलीमध्ये जवळजवळ सार्वत्रिक आहे आणि ती सुधारली पाहिजे. त्याच्या उदाहरणांत ‘ऊबिएरोन’ आहेच, शिवाय ‘आम्ही तिथे चाळीसजण होतो’ या अर्थाचं ‘आबीआमोस’ही आहे.

बेयो इतका कडक का? तो काही माद्रिदचा पंतोजी नव्हता. अमेरिकेतले नवे देश नुकतेच स्पेनपासून सुटले होते. बेयोला धास्ती होती की प्रत्येक देशाची बोली आपापल्या वाटेने गेली तर रोमच्या पडझडीनंतर लॅटिनचं जे झालं तेच स्पॅनिशचं होईल: तुकडे पडतील आणि शेजारच्या देशाचं पुस्तक वाचता येणार नाही. एका क्रियापदाच्या वचनामागे त्याला एवढं मोठं संकट दिसत होतं. स्पॅनिशचे तुकडे काही पडले नाहीत. पण ‘ऊबिएरोन’ही गेलं नाही. अकादमीचं २००९ चं मोठं व्याकरणही नोंदवतं की हे अनेकवचन अमेरिकेत, आणि स्पेनमध्ये विशेषतः कातालान भाषेच्या सावलीतल्या पूर्व किनाऱ्यावर, पसरलेलं आहे. आणि तरीही एकवचनाचीच शिफारस करतं.

मघाशी जे लक्षात ठेवायला सांगितलं ते आता बाहेर काढू. ‘आबीआन’, ‘ऊबिएरोन’ म्हणणारा माणूससुद्धा वर्तमानकाळात ‘आय’च म्हणतो. का? ‘आबीआ’ला ‘न’ लावला की अनेकवचन होतं, स्पॅनिशच्या रोजच्या रीतीने. ‘आय’च्या शेवटी मात्र तो गोठलेला ‘तिथे’ बसला आहे. तिथे प्रत्यय लावायला जागाच नाही. काही ग्रामीण बोलींत ‘आयन’सारखं रूप ऐकू येतं, पण ते अपवादच. म्हणून माणूस कुठून आला आहे हे ‘आय’वरून कळत नाही, ‘आबीआ’वरून कळू शकतं.

इंग्रजीत याच्या उलट वारा वाहतो आहे. तिथे प्रमाणभाषा जुळवून घ्यायला सांगते, ‘देअर आर टू बुक्स’. आणि बोलताना लोक सर्रास ‘देअर्स टू बुक्स’ म्हणतात. म्हणजे इंग्रज बोलणारा ‘देअर्स’ला एक गोठलेला शब्द करत चालला आहे, आणि स्पॅनिश बोलणारा आपला गोठलेला शब्द वितळवू पाहतो आहे. दोन्हीकडचे शिक्षक मात्र सारखेच वैतागलेले.

आता भाषांतराचा प्रश्न, कारण इथे जमलेल्यांत बरेचजण स्पॅनिश शिकताहेत. ‘देअर इज’ दिसलं की ‘आय’ टाका, हा नियम अर्धाच खरा आहे. एक साधं वर्णन घेऊ, इंग्रजीतून आलेलं समजा: खोलीला तीन खिडक्या होत्या, एका खिडकीशी टेबल होतं, त्यावर काही पत्रं होती. इंग्रजीत तिन्ही ठिकाणी ‘देअर वॉज’ किंवा ‘देअर वर’ येईल. स्पॅनिशमध्ये चांगला लिहिणारा असं लिहील: ‘ला आबितासिओन तेनीआ त्रेस वेंतानास, हुंतो आ ऊना वेंताना आबीआ ऊना मेसा, ई एन ला मेसा आबीआ ऊनास कार्तास’. खिडक्या हा खोलीचा अंगभूत भाग, म्हणून तिथे ‘तेनेर’: खोली खिडक्या बाळगते. टेबल आणि पत्रं तिथे नुसती आहेत, उद्या हलवता येतील, म्हणून ‘आबेर’. आपण मराठीत काय केलं बघा: खोलीला खिडक्या, पण खिडकीशी टेबल. ‘ला’ आलं तिथे तेनेर, ‘शी’ आणि ‘वर’ आलं तिथे आबेर. हा दुवा प्रत्येक वेळी चालणार नाही. ‘खोलीत आबीआ तीन खिडक्या’ म्हटलं तरी काही चूक नाही, पण कानाला दिशा दाखवायला हा दुवा बरा आहे. (जाता जाता: ‘आबितासिओन’, म्हणजे खोली, हाही शब्द त्याच ‘हाबेरे’च्या कुळातला.)

त्याच खोलीला आग लागली तर? ‘ऊबो ऊन इन्सेंदिओ’. इथे ‘आबीआ’ नाही. ‘आबीआ’ देखावा मांडतं, काय काय होतं ते. ‘ऊबो’ घटना सांगतं, काय घडलं ते. मराठीत आपण इथे क्रियापदच बदलतो, ‘आग होती’ न म्हणता ‘आग लागली’ म्हणतो. स्पॅनिश एकाच क्रियापदाचे दोन भूतकाळ वापरून ते काम करते.

आणि तिसरी गोष्ट, जिथे आपलं ‘आहे’ खरोखर घोळ घालतं. ‘टेबलावर पुस्तक आहे’ आणि ‘पुस्तक टेबलावर आहे’. मराठीत शब्दांची जागा बदलली, क्रियापद तेच. पहिल्यात पुस्तक नव्याने कळतं, दुसऱ्यात ते आधीच माहीत असतं. स्पॅनिशमध्ये पहिलं ‘आय ऊन लिब्रो’, दुसरं ‘एल लिब्रो एस्ता’. ओळखीची, ठरावीक वस्तू आली की ‘आय’ बाजूला होतं आणि ‘एस्तार’ येतं. ‘आय एल लिब्रो’ हे कानाला लगेच खटकतं.

एक प्रश्न आला आहे: ‘पोर्तुगीजमध्येही असंच आहे का?’ हो, आणि तिथे तर गोष्ट पुढे सरकली आहे. पोर्तुगीजमध्ये ‘आबेर’चं भावंड ‘आवेर’, त्याचं वर्तमानकाळी रूप नुसतं ‘आ’. ‘ई’ चिकटलाच नाही. पोर्तुगालचं प्रमाण रूप तेच, त्यामुळे गोव्यात जुन्या पिढीने शाळेत शिकलेलंही तेच. पण ब्राझीलमध्ये बोलताना लोक म्हणतात ‘तें’, म्हणजे ‘तेनेर’च्या भावंडाचं रूप. शब्दशः ‘टेबलावर पुस्तक धरतो’. लॅटिनच्या ‘हाबेरे’चं जे झालं तेच आता ‘तेनेरे’चं झालं: मालकीचं काम घेतलं, मग जागेला मालक केलं, मग मालक गळाला. १९२८ साली कार्लुस द्रुमाँद दे आंद्रादे या कवीची एक छोटी कविता प्रसिद्ध झाली. रस्त्याच्या मधोमध एक धोंडा आहे, एवढाच तिचा विषय. तिच्यावर प्रचंड टीका झाली. एकतर तीच ती ओळ पुन्हा पुन्हा येते म्हणून, आणि दुसरं म्हणजे धोंडा ‘होता’ हे सांगायला कवीने पुस्तकी ‘आवीआ’ सोडून बोलण्यातलं ‘तीन्या’ वापरलं म्हणून. पुढे १९६७ साली द्रुमाँदने त्या कवितेवरची सगळी टीका आणि टवाळी गोळा करून तिचं एक वेगळं पुस्तकच काढलं. आज ब्राझीलमधली मुलं ती कविता शाळेत शिकतात.

‘मग स्पॅनिशमध्येही आय जाऊन तिएने येईल का?’ असा त्याला जोडून प्रश्न आहे. तशी चिन्हं मला तरी दिसत नाहीत. स्पॅनिश ‘तिएने’ला अजून मालक लागतो, मग तो खोलीसारखा निर्जीव का असेना. ‘एन ला मेसा तिएने ऊन लिब्रो’ असं म्हटलं तर ऐकणारा विचारेल, ‘कोण? कुणाकडे आहे?’ हा प्रश्न जोवर त्याच्या तोंडी येतो, तोवर ‘आय’ची जागा पक्की आहे.